कूट भारूड कसं रचायचं: जागराच्या रात्रीसाठी, पालुपदापासून उकलीपर्यंत

सप्ताहात किंवा एकादशीच्या जागराला भारूड म्हणायचंय, पण दरवर्षी तीच तीच ठरलेली भारुडं नकोत, स्वतःचं काहीतरी रचायचंय, अशांसाठी हे लिहितोय. भारुडाचे साधारण तीन प्रकार सांगतात, भजनी, सोंगी आणि कूट. त्यातलं कूट म्हणजे वरून संसाराची गोष्ट आणि आतून परमार्थाची, आणि ती आतली गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतः शोधून काढायची. प्रत्यक्षात हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, कूट म्हणतानाही थोडं सोंग घ्यावंच लागतं. मी इथे एकच भारूड सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचून दाखवतो, म्हणजे नुसते नियम वाचून होतं तसा गोंधळ होणार नाही.

आधी आतला अर्थ, आणि तोही एका वाक्यात

बरेच नवीन लोक आधी गमतीशीर विषय पकडतात, मोबाईल म्हणा, लग्न म्हणा, निवडणूक म्हणा, आणि मग त्यात अध्यात्म कोंबायला बघतात. अशाने चौथ्या कडव्यापर्यंत विनोद होतो आणि शेवटी एकदम "म्हणून हरिनाम घ्या" असं ठिगळ लागतं, लोकांना ते लगेच कळतं आणि टाळी पडत नाही. आधी आत काय सांगायचंय ते एका साध्या वाक्यात लिहून काढा. आपल्या उदाहरणासाठी हे वाक्य घेतो: जीव वासनेपायी कर्माचं कर्ज काढतो, ते फेडायला परत परत जन्म घेतो, आणि "मी" गेला की कर्जच उरत नाही. बस एवढंच. यात भक्ती, ज्ञान, वैराग्य, सद्गुरू सगळं आणायचा मोह होईल, आणू नका, एका भारुडात एकच गोष्ट नीट बसते.

आता याच्यावर संसाराचं कोणतं कापड घालायचं? इथे बघायचं असं की वरच्या गोष्टीत आपापली अडचण, आपापली माणसं आणि आपापला शेवट आधीच असला पाहिजे. नाथांचं विंचवाचं भारूड सगळ्यांना माहीत आहे, त्यात चावा आहे, वेदना आहे, उतारा आहे, आणि उतरल्यावर थोडी फुणफुण राहते तीसुद्धा आहे. हा सगळा क्रम खऱ्या विंचवाचाच आहे, नाथांनी तो बनवला नाही, फक्त दुसऱ्या अर्थाने वाचला. म्हणून ते पक्कं बसतं.

कर्जाच्या वाक्यासाठी मी ऊसतोड घेतली. बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोड्यांच्या जोड्या, दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, त्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मग फडावर राहायला कोप, म्हणजे झोपडी, बांधायची, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि उन्हाळा लागला की हिशेब. हिशेबात बाकी निघाली तर पुढच्या वर्षी परत यायचंच. कर्ज, परत येणं, मध्ये बसलेला माणूस, हिशेब, सगळं आयतं आहे. आणि ज्या गावात म्हणायचं तिथल्या निम्म्या घरांना हे ठाऊक आहे, त्यामुळे समजावून सांगत बसायला नको.

दोन रकाने मांडा

कागद घ्या, उभी रेघ मारा. डावीकडे फडावरच्या गोष्टी, उजवीकडे आतल्या. उचल म्हणजे प्रारब्ध. मुकादम म्हणजे वासना. कोप म्हणजे देह. बैल म्हणजे इंद्रियं. कासरा म्हणजे बुद्धी. उसाचा रस म्हणजे आत्मसुख, आणि वाढं म्हणजे विषयसुख. कोयता म्हणजे मात्र हत्यारही आणि माणूसही, कारण तिकडे नवराबायकोच्या जोडीला मिळूनच एक कोयता म्हणतात, ते मी जिवासाठी ठेवलं.

आता उलट तपासा, हे फार महत्त्वाचं आहे. उजव्या रकान्यातला प्रत्येक शब्द हातानं झाका आणि फक्त डावीकडचं वाचा, ती गोष्ट खरी ऊसतोडीची वाटते का? मग डावीकडचं झाका. मुकादम म्हणजे यम असं पहिल्यांदा कुणालाही सुचेल, पण यम काही आगाऊ पैसे देऊन कामाला नेत नाही, तो शेवटी येतो. आगाऊ गोडी दाखवून अडकवते ती वासना. म्हणजे यम बाद. असं एकेक जोडून बघितलं नाही तर जागराच्या रात्री पुढे बसलेला एखादा जुना टाळकरी बरोबर तिथेच बोट ठेवतो.

आणखी एक, एकाच गोष्टीला दोन अर्थ देऊ नका आणि एकाच आकड्याला तर मुळीच नाही. पाच म्हणजे ज्ञानेंद्रियंही होतात आणि पंचमहाभूतंही, दोन्ही एकाच भारुडात आली की उकल सांगताना तुमचीच जीभ अडखळते.

पालुपद

जागराला रात्री अकरा-साडेअकराला तुमचा नंबर लागणार, त्याआधी दोन तास कीर्तन झालेलं, टाळकरी उभं राहून दमलेले. पालुपद त्यांनी उचलायचंय, तुम्ही नाही. म्हणून ते एकदा ऐकून पाठ झालं पाहिजे, धुमाळी नाहीतर भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत बसलं पाहिजे, आणि शेवट मोकळ्या स्वरावर, आ किंवा ई, म्हणजे घसा न आवळता ओढता येतं.

माझा पहिला खर्डा होता, "मुकादमा तुझ्या उचलीचा हिशेब करशील कधी". अर्थ बरोबर, पण टाळावर म्हणून बघा, ठेका कुठे बसतच नाही आणि "कधी"वर आवाज खाली पडतो. मग हे केलं:

उचल फिटंना मुकादमा,
हिशेब माझा दाव मला.

"उचल फिटंना" मोजून आठ मात्रा होतात, "मुकादमा" सहा, उरलेल्या दोनात टाळ वाजतो आणि माणूस श्वास घेतो. दुसरी ओळ तशीच, आठ आणि सहा. मात्रा बोटांवर मोजाव्या लागत नाहीत हो, मांडीवर ठेका धरून दहादा म्हणा, जिथे शब्द घाईने गिळावा लागतो तिथे एखादं अक्षर जास्त आहे. कडव्यांत एखाददुसरी मात्रा इकडेतिकडे चालते, गाणारा ओढून घेतो, पालुपदात चालत नाही कारण तिथे वीस लोक एकदम म्हणतात.

कडव्यात एक खोट ठेवायची

कूट भारुडाची खरी कारागिरी इथे आहे. वरची गोष्ट अगदी सरळ चालवायची आणि प्रत्येक कडव्यात एकच गोष्ट अशी ठेवायची की जी फडावर होऊच शकत नाही. ऐकणारा म्हणतो, अरे हे कसं? तिथून तो आत शिरतो. खोट नसेल तर ते नुसतं ऊसतोडीचं गाणं होतं, चांगलं गाणं असेल पण कूट नाही. आणि सगळ्याच ओळी खोट्या असतील तर संसाराची बाजूच उरत नाही, मग नुसतं डोक्याला डोकं लावणारं कोडं. ज्ञानोबांच्या नावावर असलेलं काट्याच्या अणीवरच्या तीन गावांचं पद त्या टोकाचं आहे, ते थोर आहेच, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

पहिलं कडवं:

अंगठा माझा कागदावर, कवा दिला ते ठावं न्हाई,
जल्माआधीची तारीख त्यावर, मुकादम बोलंना काई.

अंगठा, कागद, न बोलणारा मुकादम, सगळं नेहमीचं. खोट एकच, तारीख जन्माच्या आधीची. इथे कुणाला पूर्ण कळणार नाही आणि कळूही नये. बापाच्या नावची बाकी पोरावर आली असेल असं कुणी समजेल, समजू द्या, तोही वरचा अर्थ पक्काच करतो.

दुसरं:

पाचटाची ही कोप बांधली, नऊ दारं ठिवली तिला,
कडी न्हाई एकाबी दारा, वारा मुक्कामी राहिला.

पाचटाच्या कोपीला दार म्हणजे वाकून आत जायचं एक भोक असतं, नऊ कुठली? आणि दार उघडं असेल तर वारा येईल आणि जाईल, मुक्कामाला कसा राहील? आधी मी इथे "वारा येतो नि जातो" असं लिहिलं होतं, त्यात श्वास बरोबर दिसतो पण खोट दिसत नाही, उघड्या झोपडीत वारा येतोच. "मुक्कामी राहिला" केल्यावर ओळ जागी झाली. नऊ दारांचा देह हे आपल्याकडे भजनं ऐकणाऱ्या कुणालाही ओळखीचं आहे, म्हणून निम्मा मांडव इथे सावध होतो. दुसऱ्या कडव्यात हे मुद्दाम आणलंय, पहिली उकल सोपी मिळाली की लोक पुढचं शोधायला बसतात, नाहीतर उठून चहाला जातात.

तिसरं:

दोन बैलाची टायरगाडी, पाचांचा मेळ जुंपला,
पाच वाटांनी पाची ओढती, कासरा तुटून गेला.

चौथं:

ऊस तोडला मी, रस दुसऱ्याला, वाढं आलं वाट्याला,
बैलानं खायचं चघळीत बसलो, ग्वाड म्हणालो त्याला.

चौथ्यात खोट आकड्यात नाही, माणसाच्या वागण्यात आहे, आणि मला स्वतःला हेच कडवं सगळ्यात जास्त आवडतं. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा पाला, तो बैलांना घालतात नाहीतर विकतात. रस कारखान्यात गेला आणि हा गडी पाला चावून गोड गोड म्हणतोय. यावर आधी हसू येतं आणि मग थोड्या वेळाने तेच टोचतं. आकड्यांच्या खोटी सलग चार ठेवल्या तर लोक पाढे म्हणायला लागतात, म्हणून दोन झाल्या की प्रकार बदला.

भाषा बघा, "फिटंना", "ठिवली", "ग्वाड", हे मी मुद्दाम बोलीत ठेवलंय कारण बोलणारा ऊसतोड्या आहे. पण जी बोली तुमच्या तोंडात नाही ती उसनी आणू नका. तुम्ही कोकणातले असाल तर ऊसतोड सोडा, होडी, जाळं, खलाशी आणि तांडेल घ्या, आपापल्या रकान्यांनी तेही नीट बसतं.

एक धोका, जो या विषयात खरोखर आहे

उचल म्हणजे प्रारब्ध असं म्हटल्यावर समोर बसलेल्या खऱ्या ऊसतोड कामगाराला काय ऐकू येतं? की तुझं कर्ज हे तुझ्याच कर्माचं फळ, गप फेड. हे आपल्याला म्हणायचं नाही, आणि असं ऐकू गेलं तर भारूड माणसाच्या विरोधात गेलं. म्हणून पूर्ण गाण्यात तक्रार तोडणाऱ्याच्याच तोंडी आणि हिशेबही तोच मागतो, मुकादम एकदाही शहाणपण शिकवत नाही. शेवटी गप्प बसतो तोही मुकादमच. वरच्या अर्थातला न्याय आणि आतल्या अर्थातली सुटका एकाच बाजूला वळली पाहिजेत. गावात खरे मुकादमही असतात, समोर बसलेले असतात, त्यामुळे कुणाची नक्कल, कुणाची लकब, गाडीचा नंबर, असलं काही कडव्यांमधल्या बोलण्यात आणू नका, ते दोन मिनिटं हशा देतं आणि मग रात्रभर भांडण.

हाच प्रश्न सासू, नणंद, दुसरी बायको असे विषय घेतले की येतो. जुन्या भारुडात सासूला मरू दे म्हणणारी बाई शेवटी सगळंच जाऊ दे, मला एकटीला राहू दे म्हणते, तेव्हा त्या सगळ्या नातेवाइकांचा अर्थ पालटतो. तुमच्या भारुडात तो पालट नसेल तर उरतो फक्त बाईवरचा विनोद.

उकल कुठे ठेवायची

दोन रस्ते आहेत. विंचवाच्या भारुडात नाथ पहिल्याच ओळीत काम-क्रोध म्हणून टाकतात, किल्ली आधीच हातात, मग मजा सगळी विंचवाच्या नाचात. हे सोंगाला चांगलं. कूट करायचं असेल तर किल्ली शेवटच्या कडव्यात, पण तिथेही अर्थाची यादी वाचायची नाही. "कोप म्हणजे देह, बैल म्हणजे इंद्रियं" असं गाण्यात आलं की मेलं. शेवटच्या कडव्यात वरच्या गोष्टीचाच शेवट करायचा, फक्त तो शेवट असा की आतल्या अर्थाशिवाय लागतच नाही:

गुरूनं वही उघडली तवा, नावच माझं दिसंना,
मीच न्हाई तर उचल कुणाची? मुकादम काय बोलंना.

पहिल्या कडव्यात मुकादम बोलत नव्हता कारण त्याला लपवायचं होतं, इथे बोलत नाही कारण बोलायला काही उरलं नाही. आणि मग पालुपद बदलून म्हणायचं:

उचल फिटली मुकादमा,
कोयता घे रं तुझा तुला.

हा बदल टाळकऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते जुनंच "फिटंना" ओढतात आणि सगळ्यावर पाणी.

नाममुद्रेचं विचाराल तर "एका जनार्दनी" लावू नका. त्यात एकनाथांचं स्वतःचं आणि त्यांच्या गुरूंचं, जनार्दनस्वामींचं नाव आहे, ती सही आहे, सजावट नाही. आपली मुद्रा घालायची तर घाला, नाहीतर कडवं तसंच सोडा, कुणी काही म्हणत नाही.

बोलणं: इथे रात्र जिंकते किंवा हरते

पाच कडवी नुसती म्हटली तर सात-आठ मिनिटांत संपतात. भारूड वीस-पंचवीस मिनिटांचं होतं ते मधल्या बोलण्यामुळे. त्यासाठी एक साथीदार लागतो, थोडा बावळट पण टायमिंग पक्कं असलेला. त्याचं काम एकच, लोकांच्या मनातला प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि चुकीचं उत्तर द्यायचं. दुसऱ्या कडव्यानंतर आम्ही साधारण असं घेतो:

"का रं भाऊ, कोपीला नऊ दारं? एवढं पाव्हणं येत्यात व्हय तुझ्याकडं?"
"येत्यात की. तुझ्याबी कोपीला नऊच हायत."
"माझ्या? माझी पत्र्याची हाय, एक दार, तेबी लागत न्हाई."
"बोट लावून मोज."

मग तो डोळ्यांवर बोट ठेवतो, एक, दोन, कान, तीन, चार, नाकपुड्या, पाच, सहा, तोंड सात, आणि हात खाली न्यायला लागतो तेव्हा थबकतो, मांडवाकडे बघतो, हात मागे घेतो. इथे बाया-पोरं सगळे फुटतात. आता सगळ्यात अवघड गोष्ट, इथे भारुडकराने "देह" हा शब्द उच्चारायचा नाही. हशा चालू असतानाच पालुपद सुरू करायचं. लोकांनी स्वतः पोचायचं असतं, तुम्ही सांगितलंत की त्यांचं काढून घेतलंत.

लिहिताना गद्य शब्दशः पाठ करू नका, प्रश्न कोणता आणि थांबायचं कुठे एवढंच ठरवा. प्रत्येक कडव्यामागे तीन-चार मिनिटं पुरे. चौथ्यानंतर बोलणं कमी, जवळजवळ नाहीच, आणि पाचवं लय उतरवून, पखवाज एकदम हळू.

सोंगाला दोनच वस्तू घ्या, डोक्याला टॉवेल आणि हातात कोयता. तो लाकडी नाहीतर पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद लावलेला, खरा मुळीच नाही, मांडवात पुढे लहान पोरं बसलेली असतात आणि तुम्ही गिरक्या घेणार आहात. शेवटच्या ओळीला तो कोयता साथीदाराच्या हातात द्यायचा, तेवढ्यापुरता तोच मुकादम.

वेळेचं एक सांगतो, माझं मत आहे, पटलं तर बघा. कूट रात्री बाराच्या आत घ्या. एक-दीडनंतर लोक जागे असतात पण डोकं जागं नसतं, तेव्हा खोटी कुणाच्या लक्षात येत नाहीत, नुसता हशा मिळतो. उशिराचा नंबर आला तर सोंगी भारूड म्हणा आणि हे दुसऱ्या दिवसावर ठेवा.

आधी कुणावर तरी करून बघा

दोन माणसं पुरतात. एक ज्याला ऊसतोड माहीत आहे पण पोथी-पुराण फारसं नाही, त्याला म्हणून दाखवा आणि विचारा, काय झालं गोष्टीत? त्याने "हे असं होत नसतंय" म्हणून जिथे जिथे अडवलं ती जागा तुमची ठरवलेली खोट असेल तर उत्तम, ती सोडून दुसरीकडे अडवलं तर तिथे तुमची माहिती कच्ची आहे, ती सुधारा. मला एकाने सांगितलं होतं की मोळी बांधायला दोरी नाही, उसाचंच वाढं वापरतात, ती ओळ काढून टाकली. दुसरा माणूस नेमाने भजनाला जाणारा. त्याला कोणत्या कडव्यात कळलं ते विचारा. पहिल्यातच कळलं तर खोट फार उघडी आहे. शेवटपर्यंत कळलंच नाही तर दुसऱ्या कडव्यातली खोट आणखी सोपी करा, पण शेवट सोपा करू नका.

आणि प्रत्यक्ष रात्री एखादा पुढून ओरडतोच, "मुकादम म्हंजी मन!" वासना नव्हे, मन म्हणाला. दुरुस्त करत बसू नका, त्याला नमस्कार करा, साथीदाराने म्हणायचं, "मग ह्याची उचल कुणी घेतलीया?", आणि थेट पुढचं कडवं.